पांढऱ्या चट्ट्यातला लाल ठिपका

गेल्या वर्षी होळीच्या आसपास डाव्या गालात, खालच्या दाढांच्या शेजारी, जिभेला काहीतरी खरखरीत लागायला लागलं. दुखत नव्हतं. रक्त येत नव्हतं. ठेचा खाल्ला तर तेवढ्या जागी चुरचुरायचं आणि पाणी प्यायलं की थांबायचं. तंबाखू खाणाऱ्याला यात नवीन काही वाटत नाही. चुना जास्त झाला की गाल सोलतो, मग दोन दिवस बार दुसऱ्या बाजूला धरायचा, हे आमच्या शॉपमध्ये सगळ्यांना माहीत असतं. मीही तेच केलं.

माझं वय 43. भोसरीच्या एमआयडीसीत मशीनवर काम करतो. तंबाखू लागली ती तिसऱ्या पाळीत. रात्री दोन-अडीचला डोळे मिटायला लागतात, शेजारचा मळत असतो, तो हात पुढे करतो. पुढची एकोणीस वर्षं दिवसाला आठ-दहा वेळा बार भरला, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच जागी, डाव्या गालाच्या खालच्या खोबणीत. रविवारी जेवणानंतर पान, त्यातही तंबाखू. पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो किती खाता हा नव्हता. "कुठे धरता?" असं विचारलं. मी बोट लावून दाखवलं आणि चट्टा नेमका त्याच बोटाखाली होता.

मधले सहा महिने वाया गेले, ते कसे गेले हे सांगायला हवं. एप्रिलमध्ये घराजवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. त्यांनी टेबलापलीकडूनच "आ करा" म्हटलं, एक नजर टाकली आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या व तोंडात लावायचं जेल दिलं. जेल लावलं की चुरचुर थांबायची, म्हणून मला वाटलं की गुण येतोय. जूनमध्ये परत गेलो, परत तीच चिठ्ठी. चूक माझीही होतीच, मी तंबाखू सोडली नव्हती आणि त्यांना नीट सांगितलीही नव्हती. पण गाल बोटाने बाजूला ओढून आत बघितल्याशिवाय ती जागा दिसतच नाही, आणि ते कोणी केलं नाही.

सप्टेंबरात दाढ दुखायला लागली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी दाढेकडे जाण्याआधी आरशाने गाल बाहेर ओढला आणि थांबल्या. दिवा जवळ घेतला. गॉजच्या तुकड्याने ती जागा पुसली, मग जरा जोर लावून घासली. "निघत नाही," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्या हातात आरसा दिला. पहिल्यांदा मी ती जागा धड बघितली. दोन सेंटिमीटरहून थोडा मोठा पांढरा चट्टा, वाळलेल्या मातीला भेगा पडाव्यात तसा. आणि त्याच्या मागच्या टोकाला, मसुराच्या डाळीएवढा, मखमलीसारखा लाल भाग.

मला पांढऱ्याची भीती वाटली. त्या म्हणाल्या, "पांढऱ्यापेक्षा मला त्या लालची काळजी आहे."

त्या वेळी त्यांनी जे समजावलं ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं, कारण इतकी वर्षं तंबाखू खाऊन हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तोंडातली आतली त्वचा सततच्या चुन्या-तंबाखूने जाड होते, हाताला घट्टा पडतो तशी. त्या जाड थराने लाळ शोषली की तो पांढरा दिसतो. म्हणजे पांढरं हे जाडपणाचं लक्षण. त्यातले बरेच चट्टे कॅन्सर नसतात, काही तर तंबाखू बंद केल्यावर काही आठवड्यांत विरून जातात. लालचं उलटं. तिथे वरचा थर पातळ झालेला असतो, त्याच्या पेशी नीट तयारच होत नाहीत, म्हणून खालच्या रक्तवाहिन्यांचा रंग वर दिसतो. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा खूप कमी जणांत सापडतो, पण सापडला आणि त्याचा तुकडा तपासला तर त्यात गंभीर बदल किंवा सुरू झालेला कॅन्सर निघण्याचं प्रमाण फार मोठं असतं. पांढऱ्यात लाल मिसळलेलं असेल तर तो चट्टा लालच्या हिशोबात धरायचा.

दुखत कसं नाही, हा माझा प्रश्न होता. त्यांचं उत्तर असं की या टप्प्यावर बदल वरच्या थरातच असतो, त्याला दुखायचं कारण नाही. दुखणं, कानात कळ जाणं, दात हलणं, मानेत गाठ येणं, हे सगळं नंतरचं.

माझी एक दाढ तुटून टोकदार झाली होती आणि ती गालाला घासत होती. टोकदार दातानेही पांढरं पडतं. अशा वेळी दात घासून गुळगुळीत करतात, तंबाखू बंद करायला सांगतात आणि दोन आठवड्यांनी परत बघतात. घासण्यामुळे झालेलं असेल तर तेवढ्यात कमी होतं. माझी दाढ त्यांनी गुळगुळीत केली, पण दोन आठवडे थांबू दिलं नाही. लाल भाग होता म्हणून त्याच दिवशी दंत महाविद्यालयाच्या मुखरोग विभागासाठी चिठ्ठी लिहिली.

तिथली तपासणी अर्धा तास चालली. दोन्ही गाल, ओठांची आतली बाजू, हिरड्या, टाळू. जीभ गॉजमध्ये धरून आधी एका कुशीला ओढली, मग दुसऱ्या, आणि शेवटी जीभ टाळूला लावायला सांगून तिच्या खालची जागा बघितली. नुसतं बघितलं नाही, बोटाने दाबूनही. चट्टा मऊ आहे की बुडाशी टणक, हे डोळ्यांना कळत नाही, बोटाला कळतं. माझा मऊ होता. मग जबड्याखाली आणि मानेत दोन्ही बाजूंना चाचपलं. तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजलं, वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत 42 मिलिमीटर.

पट्टी कशासाठी, ते माझ्या शेजारी बसलेल्या मुलाकडे बघून समजलं. विशी-बाविशीचा, मावा खाणारा. त्याच्या तोंडात दोन बोटंही आत जात नव्हती. त्याच्या गालात चट्टा नव्हता. सगळा गालच संगमरवरासारखा फिकट होता आणि डॉक्टरांनी बोट फिरवलं की आत दोऱ्यांसारखे पट्टे लागत होते. हे काम सुपारीचं, त्यात तंबाखू नसली तरी होतं. नुसती सुपारीही माणसात कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 साली स्पष्ट मांडलं. मला हे माहीत असतं तर तंबाखू सोडून सुगंधी सुपारीवर आलेल्या दोघा मित्रांना मी शाबासकी दिली नसती. त्या मुलाला सांगितलं गेलं की खाणं थांबवलं तर पुढचं आखडणं थांबू शकेल, पण आखडलेलं तेवढ्याने सुटत नाही.

बायोप्सीच्या दिवशी बायको सोबत होती. तिच्या मावशीने तिला सांगितलं होतं की सुई लावली की कॅन्सर पसरतो. तिने डॉक्टरांना थेट विचारलं, आणि मला बरं वाटलं की विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुकडा काढल्याने पसरत नाही. तुकडा काढायला उशीर केल्याने तो आपल्या गतीने वाढतो, आणि लोक त्याचं खापर सुईवर फोडतात."

आधी एक निळं द्रावण त्या जागी लावलं, थोडं थांबून सौम्य आम्लाने धुतलं. पांढऱ्या भागावरचा निळा रंग बहुतेक निघून गेला, लाल ठिपक्यावरचा राहिला. मी घाबरलो तेव्हा त्यांनी सांगितलं की निळं राहिलं म्हणजे कॅन्सर असं नाही, साध्या सुजेलाही रंग धरतो, आणि रंग धरला नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. तुकडा नेमका कुठून घ्यायचा एवढंच त्यावरून ठरवायला मदत होते. आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोठ्या चट्ट्यात सगळीकडे सारखा बदल नसतो. चुकून निरुपद्रवी जागेचा तुकडा गेला तर रिपोर्ट चांगला येतो, रुग्ण घरी जातो आणि धोका तोंडातच राहतो. म्हणून त्यांनी दोन तुकडे घेतले, एक लाल भागातून, एक जाड पांढऱ्यातून, आणि फॉर्मॅलिनच्या दोन वेगळ्या बाटल्यांत टाकले. बाटल्यांवर कुठला तुकडा ते लिहिलं. भुलीचं इंजेक्शन चट्ट्यात न देता बाजूला दिलं, कारण चट्ट्यातच टोचलं तर तुकड्याच्या पेशी फुगून तपासताना घोटाळा होतो. पंधरा मिनिटांचं काम. दोन टाके.

रिपोर्ट नवव्या दिवशी आला. पांढऱ्या भागात सौम्य बदल, लाल भागात तीव्र बदल. म्हणजे एकाच चट्ट्यात दोन वेगळी उत्तरं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. आतल्या त्वचेचे पेशींचे थर, त्याखाली एक पातळ पडदा, पडद्याखाली रक्तवाहिन्या आणि स्नायू. बिघडलेल्या पेशी फक्त तळाच्या तिसऱ्या हिश्श्यात असतील तर सौम्य, मधल्यापर्यंत चढल्या तर मध्यम, वरच्या हिश्श्यात पोचल्या तर तीव्र. पडदा फुटून पेशी खाली उतरल्या की त्याला कॅन्सर म्हणतात. माझ्या तुकड्यात पडदा शाबूत दिसत होता.

मी सुटकेचा श्वास घेतला तोच ते म्हणाले, "या तुकड्यात." तुकडा पाच मिलिमीटरचा. त्याच्या शेजारी काय आहे ते पूर्ण चट्टा काढून तपासल्यावरच कळणार होतं. तीव्र बदल असलेला चट्टा नुसता बघत बसायचा नाही, काढायचा, असं त्यांचं मत पडलं.

दिवाळीच्या आधी, ईएसआयच्या कार्डावर, पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. चट्ट्याभोवतीची चांगली दिसणारी कडही सोबत काढतात, कारण बदल डोळ्यांना दिसतो त्याच्या थोडा पलीकडे पसरलेला असू शकतो. जखमेवर कोलॅजनचा पापुद्रा शिवला. चार दिवस पेज, ताक आणि गाळलेलं वरण. घरात चकल्या तळल्या जात होत्या, आणि मला खाण्यापेक्षा बोलता येत नाही याचा त्रास जास्त होता. बरं होताना गाल आतून आखडतो, म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला सांगितल्या. आज अकरा काड्या, दोन दिवसांनी बारा. डोळ्यांत पाणी यायचं. आठवड्यानंतर तोंड 24 मिलिमीटर उघडत होतं, सहा आठवड्यांनी 38.

पूर्ण तुकड्याचा रिपोर्ट आला आणि त्यात ते निघालं. लाल भागाच्या खाली एका ठिकाणी पडदा फुटलेला होता. खोली 1.4 मिलिमीटर. कॅन्सर, अगदी पहिल्या पायरीचा. कडा सगळीकडे मोकळ्या, सर्वात जवळची 7 मिलिमीटरवर.

त्या रात्री मी झोपलो नाही. मोबाइलवर वाचत बसलो आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या चाचणीची माहिती मिळाली. 2015 साली तिचे निकाल छापून आले होते. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्या मानेतल्या लसीका ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या ते, मानेत गाठ दिसेपर्यंत वाट बघितलेल्यांपेक्षा जास्त संख्येने जगले. तीन वर्षांनी पहिल्या गटात 80 टक्के, दुसऱ्यात 67.5 टक्के. मग माझी मान का उघडली नाही, हा प्रश्न घेऊन सकाळी दारात उभा राहिलो. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, बरोबर वाचलंत, पण त्यात खोलीचा हिशोब आहे. कॅन्सर जितका खोल, तितकी त्याच्या पेशी मानेत पोचायची शक्यता जास्त. त्या चाचणीतही 3 मिलिमीटरपर्यंत खोली असलेल्यांत मानेतल्या ग्रंथी काढण्याचा फायदा दिसला नव्हता. माझी खोली त्याच्या निम्म्याहून कमी. मानेच्या शस्त्रक्रियेने खांदा कमजोर होतो, तो त्रास विनाकारण का द्यायचा? त्याऐवजी ठरावीक दिवसांनी मानेची सोनोग्राफी. खोली 4 च्या पुढे असती तर ते माझ्याशी वेगळं बोलले असते. रेडिएशन, केमो काहीच लागलं नाही. एप्रिलमध्येच कोणी गाल ओढून बघितलं असतं तर कदाचित पडदा फुटायच्या आत काम झालं असतं, असं मला वाटतं. आणि आणखी सहा महिने जेल लावत बसलो असतो तर त्या 1.4 चं काय झालं असतं, तेही मनात येतं.

तंबाखू चिठ्ठी मिळाली त्या दिवशीच बंद केली होती. सगळ्यात अवघड सकाळ होती. एकोणीस वर्षं बार भरल्याशिवाय पोट साफ झालं नव्हतं आणि शरीर ते मानायला तयार नव्हतं. तंबाखूच्या पुडीवरच छापलेल्या 1800-11-2356 या नंबरवर फोन केला. तिथल्या बाईंनी सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, रात्री इसबगोल, आणि हात शिवशिवला की दहा मिनिटं दुसरं काहीतरी, असं ठरवून दिलं, आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूस केली. बायोप्सीची जखम भरल्यावर शस्त्रक्रियेपर्यंत निकोटीनची 2 मिलिग्रॅमची गोळी चघळली. ती नेहमीच्या च्युइंगगमसारखी भरभर चावायची नसते. थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायची. मी पहिल्या दिवशी भरभर चावली आणि तासभर उचक्या लागल्या. चहावर लगेच घेतली तर ती नीट लागूही पडत नाही, मध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्यावी लागतात.

आता दर रविवारी अंघोळीनंतर खिडकीपाशी उभा राहतो. चूळ भरून, मोबाइलचा दिवा लावून, दोन्ही गाल बोटाने ओढून एकमेकांशी ताडून बघतो, मग जिभेच्या कडा, मग जिभेखाली. डॉक्टरांनी बजावलंय की तंबाखूचा रस फक्त बार धरायच्या जागी राहत नव्हता, सगळं तोंड त्यात भिजलेलं आहे, त्यामुळे नवा चट्टा उजवीकडेही येऊ शकतो. पुसून निघणारं पांढरं असेल तर ती बहुधा बुरशी, चावल्याची खूण असेल तर ती काही दिवसांत जाते. दोन आठवड्यांत गेलं नाही असं पांढरं, लाल किंवा न भरणारी जखम दिसली तर तारखेची वाट न बघता यायचं.

फेब्रुवारीत मी हाच दिवा आईच्या तोंडात धरला. आई सत्तरीची, भोरहून आमच्याकडे राहायला आलेली, लग्नाच्या आधीपासून मिश्री लावणारी. "मला काय झालंय, माझे दात बघ कसे शाबूत आहेत," म्हणून तिने चार दिवस टाळलं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे तिला पटत नव्हतं, तिच्या लेखी ते दात घासणं होतं. शेवटी नातवाने बघू दिलंस तर तुझ्याशी पत्ते खेळीन म्हटल्यावर तिने ओठ खाली ओढला. हिरडीच्या खाली, बोट फिरतं त्या जागी, सुरकुतलेला पांढरट पट्टा होता. मी गॉजने पुसला. निघाला नाही. लाल कुठे आहे का ते मी तीनदा बघितलं.

माझ्या डॉक्टरांनी तो बोटाने चाचपला, मऊ होता, लाल नव्हता, फोटो काढून ठेवला. मिश्री पूर्ण बंद, सहा आठवड्यांनी परत, तेव्हाही असेल तर तुकडा. आईने पहिले पंधरा दिवस डोकं दुखतं म्हणून घर डोक्यावर घेतलं. सहा आठवड्यांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवून त्यांनी आम्हाला दाखवलं. पट्टा निम्म्याहून कमी झाला होता, उरलेला पातळ. तुकडा सध्या नको, पण दर तीन महिन्यांनी यायचं.

तिची पुढची तारीख माझ्या सोनोग्राफीच्याच दिवशी मागून घेतली आहे. एका रिक्षात दोघं जाऊ.